पहिल्या वर्षाचं व्याज इतकं कमी का दिसतं: दरमहा पाच हजारांचा चक्रवाढ हिशेब

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांचा आहे, लोअर परळला नोकरी करतो, हातात ३२,००० येतात. बँकेत दरमहा ५,००० ची एक वर्षाची आरडी केली होती, दर ६.५ टक्के. ६०,००० भरले म्हणजे ३,९०० व्याज यायला हवं होतं ना? मिळालं फक्त २,१४३. बँकेने काही कापलं का? आणि चक्रवाढ व्याज म्हणतात ते हेच असेल, तर दर महिन्याला मन मारून साठवण्यात अर्थ आहे का?

बँकेने काहीही कापलेलं नाही, २,१४३ बरोबर आहेत. लालबाग-परळच्या चाळींमधून पोस्टाच्या आरडीचे हप्ते गोळा करत मला वीसहून अधिक वर्षं झाली. पहिलं पासबुक हातात आल्यावर जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो, आणि बरेच जण त्याच दिवशी साठवणं सोडून देतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाळेत आपण सरळव्याजाचं सूत्र पाठ केलं होतं: मुद्दल गुणिले दर गुणिले काळ, भागिले शंभर. तू त्यात मुद्दल ६०,००० आणि काळ एक वर्ष धरलास. पण तुझे ६०,००० वर्षभर बँकेत नव्हतेच. पहिल्या महिन्याचे पाच हजार तेवढे पूर्ण बारा महिने राहिले, दुसऱ्या महिन्याचे अकरा महिने, आणि शेवटचा हप्ता जेमतेम एक महिना. सरळव्याजाने पहिल्या हप्त्याचे ३२५ रुपये होतात, शेवटच्याचे २७. बारा हप्त्यांचे महिने एकत्र मोजले तर ७८ होतात, म्हणजे एका हप्त्याला सरासरी साडेसहा महिने मिळाले. ६०,००० वर साडेसहा टक्क्यांनी साडेसहा महिन्यांचं सरळव्याज काढ, २,११२ रुपये ५० पैसे येतात.

बँकेने तुला २,१४३ दिले. वरचे सुमारे ३१ रुपये आले ते दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवल्यामुळे, आणि तुझ्या वर्षभराच्या आरडीत चक्रवाढ व्याजाचा भाग म्हणावा तो एवढाच. बाकी सगळं साधं व्याज होतं. त्यामुळे चक्रवाढ व्याज पाहिलं आणि ते फुसकं निघालं असं तू समजतोयस ते बरोबर नाही. ते तुला अजून दिसलेलंच नाही. (पुढेही कधी तपासायचं असेल तर हीच युक्ती वापर: एका वर्षाच्या आरडीचं व्याज, एकूण भरलेल्या रकमेवर दराच्या निम्म्याहून थोडं जास्त बसलं पाहिजे. त्याहून बरंच कमी असेल तर एखादा हप्ता उशिरा गेला आहे का, दंड लागला आहे का, ते बँकेत विचारावं.)

आता तेच पाच हजार वर्षानुवर्षं एका जागी राहू दिले तर काय होतं ते बघू. मी पीपीएफचं उदाहरण घेते. पीपीएफवर एजंटला कमिशन मिळत नाही, त्यामुळे माझा त्यात काही फायदा नाही. उदाहरण घ्यायचं कारण असं की त्यातलं व्याज हातात येतच नाही, दर ३१ मार्चला मुद्दलात जमा होतं, आणि त्यावर आयकर नाही. म्हणजे चक्रवाढीचा हिशेब त्यात अगदी स्वच्छ दिसतो. १ एप्रिल २०२० पासूनचा ७.१ टक्के दर धरते.

पहिल्या वर्षी ६०,००० भरलेस, व्याज २,३०७. तुझ्या आरडीसारखीच गत. दुसऱ्या वर्षी मात्र दोन गोष्टी घडतात. नव्या हप्त्यांवर पुन्हा २,३०७ मिळतात, आणि आधीच्या ६२,३०७ वर पूर्ण वर्षाचे ४,४२४ मिळतात. या ४,४२४ मध्ये १६४ रुपये असे आहेत जे तुझ्या मुद्दलावरचे नाहीत, तर गेल्या वर्षीच्या व्याजावरचे आहेत. त्या १६४ रुपयांवर नजर ठेव, कारण सगळी गंमत त्यांच्यातच आहे.

पाच वर्षं झाल्यावर खात्यात सुमारे ३ लाख ५९ हजार असतील. भरलेले ३ लाख, व्याज ५९ हजार. या ५९ हजारांपैकी व्याजावरचं व्याज किती? फक्त ४,९०० च्या आसपास. पाच वर्षं नेमाने भरून चक्रवाढीने दिलं काय, तर पाच हजारसुद्धा नाही. माणसं इथेच कंटाळतात, आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण आकडा खरोखरच लहान आहे.

दहा वर्षांनी खात्यात ८ लाख ६५ हजार होतात आणि त्यातलं व्याजावरचं व्याज ५० हजार. पंधरा वर्षांनी १५ लाख ७८ हजार, आणि हा भाग १ लाख ९६ हजार. मुदत संपल्यावर तेच खातं हप्त्यांसह आणखी पाच वर्षं वाढवलंस तर वीस वर्षांनी २५ लाख ८२ हजार होतात. त्यात तू भरलेले १२ लाख, आणि व्याजावर मिळालेलं व्याज ५ लाख २७ हजार. ४,९०० वरून ५० हजार, मग दोन लाखांच्या जवळ, मग सव्वापाच लाख. हप्ता शेवटपर्यंत पाच हजारच होता, दर तोच होता. बदलला तो फक्त काळ.

आणखी एक जागा मला फार महत्त्वाची वाटते. दहाव्या वर्षी खात्यात साडेपंचावन्न हजार व्याज जमा होतं, म्हणजे तू वर्षभरात भरतोस त्या ६० हजारांपेक्षा कमी. अकराव्या वर्षी ते ६३,७०० होतं. त्या वर्षापासून खात्यात तुझ्यापेक्षा जास्त पैसे व्याज भरत असतं. माझ्या खातेदारांपैकी जे या वळणापर्यंत पोचले, त्यांना पुढे हप्त्याची आठवण करून द्यावी लागली नाही. पासबुकावरचा मार्चचा आकडा त्यांना स्वतःच दिसायला लागला.

हे आकडे माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नकोस. मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे लिही:

```
=FV(0.071,15,-62307.5)
```

यात ६२,३०७.५० म्हणजे वर्षाचे हप्ते आणि त्यांच्यावरचं त्या वर्षाचं व्याज. १५ च्या जागी ५, १०, २० घालून बघ. पीपीएफची मुदत खातं उघडलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून १५ वर्षं मोजतात, त्यामुळे प्रत्यक्षात भरायला आणखी एक वर्ष मिळतं. मी हिशेब सोपा राहावा म्हणून पंधराच धरली आहेत. मुदतीनंतर हप्त्यांसह पुढे चालू ठेवायचं असेल तर एका वर्षाच्या आत तसा अर्ज द्यावा लागतो. तो राहिला तर आहे त्या रकमेवर व्याज मिळत राहतं, पण नवे हप्ते भरता येत नाहीत.

तारखेचंही सांगते. पीपीएफमध्ये प्रत्येक महिन्याचं व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. पैसे ५ तारखेपर्यंत खात्यात पडले तर त्या महिन्याचं व्याज मिळतं, ६ तारखेला पडले तर नाही. तुझा पगार ७ ला होत असेल आणि तू ८ ला भरत असशील, तर दर हप्त्याचा एक महिना वाया जातो. पहिल्या वर्षी फरक ३५५ रुपयांचा दिसतो, पंधरा वर्षांत तो सुमारे ९,००० होतो. पगार उशिरा होणाऱ्यांना मी सांगते की तो हप्ता महिनाभर बचत खात्यात राहू दे आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेचा आदेश बँकेत देऊन ठेव. एकदाच एका महिन्याचं अंतर पडतं, मग रोजची आठवण ठेवायला नको.

चक्रवाढ मोडते कुठे, हे मी जवळून पाहिलं आहे, आणि दर कमी असल्यामुळे ती मोडताना मी क्वचितच पाहिलं. ती मोडते पैसे मध्येच काढल्यामुळे.

माझ्या एका खातेदार ताईंची पोस्टात दरमहा ५,००० ची पाच वर्षांची आरडी होती. हिशेबासाठी दर इथे ६.७ टक्के धरते. पूर्ण झाली असती तर ३ लाख ५६ हजार ८०० च्या वर मिळाले असते, म्हणजे सुमारे ५७ हजार व्याज. पंचावन्न हप्ते झाले आणि मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ८०,००० लागले. मी गावी गेले होते. त्यांनी घाईत खातं बंद केलं. पोस्टाचा नियम असा आहे की आरडी मुदतीआधी, अगदी एक दिवस आधी बंद केली तरी आरडीचा दर मिळत नाही, बचत खात्याचा दर मिळतो, तो ४ टक्के. तोवर त्यांचं ४७ हजारांच्या आसपास व्याज झालं होतं, हातात आले साधारण साडेपंचवीस हजार.

त्याच खात्यावर कर्ज मिळत होतं. बारा हप्ते नियमित भरले की शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम उचलता येते, व्याज आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त. ८०,००० वर ८.७ टक्क्यांनी पाच महिन्यांचं व्याज २,९०० झालं असतं. २,९०० वाचवायला एकवीस हजारांहून अधिक गेले. त्या दिवसापासून मी खातं उघडतानाच प्रत्येकाला, पेन्सिलीने पासबुकाच्या मागच्या पानावर, ‘बंद करण्याआधी कर्ज विचारा’ असं लिहून देते.

तुझ्या वर्षभराच्या आरडीत हीच गळती वेगळ्या रूपात आहे. वर्ष संपलं की रक्कम आपोआप बचत खात्यात येते, आणि बचत खातं फोनच्या यूपीआयला जोडलेलं असतं. मुद्दल आपण पुन्हा ठेवतो, पण ‘वरचे दोन हजार’ हॉटेलात किंवा सेलमध्ये जातात, कारण ते फुकटचे वाटतात. आता वरच्या पंधरा वर्षांच्या हिशेबात दर वर्षीचं व्याज असं खर्च करून बघ: मुद्दल तसंच राहतं, सगळं व्याज मिळून ४ लाख ८२ हजार हातात येतं, आणि १ लाख ९६ हजार कधी जन्मालाच येत नाहीत. खर्च झालेले दोन हजार तुला दिसतात, हे न जन्मलेले दिसत नाहीत.

दुसरी गळती उलट्या दिशेची. अनेक क्रेडिट कार्डांवर थकबाकीला दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. १०,००० चं बिल सहा महिने थकलं तर ते १२,२९३ होतं, आणि उशिराचा आकार व व्याजावरचा जीएसटी मी यात धरलेलाच नाही. म्हणजे एका थकलेल्या बिलाने सहा महिन्यांत तुझ्या आरडीचं वर्षभराचं व्याज खाल्लं. तुझं कार्ड असेल आणि त्यावर बाकी असेल, तर आरडी, पीपीएफ सगळं थांबव आणि आधी ती बाकी फेड. हा एकच सल्ला मी माणूस न बघता देते.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या वयाच्या मुलांना मित्र नक्की दाखवतात म्हणून लिहिते. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीचा कॅल्क्युलेटर दरमहा ५,००० चे, १२ टक्क्यांनी, पंधरा वर्षांत २५ लाख २३ हजार दाखवतो. गणित चुकीचं नाही. पण तिथे व्याज नसतं; युनिटची किंमत वर-खाली होते, आणि १२ हा आकडा आपणच भरलेला असतो. एखाद्या वर्षी २० टक्के वाढ आणि पुढच्या वर्षी १५ टक्के घट झाली तर शंभराचे १२० होऊन १०२ राहतात. दोन वर्षांत मिळाले दोनच टक्के, जरी २० वजा १५ पाहून पाच वाटत असले तरी. शिवाय दरमहा भरणाऱ्याची बरीचशी रक्कम शेवटच्या काही वर्षांत खात्यात असते, त्यामुळे शेवटी बाजार पडला तर फटका मोठ्या रकमेला बसतो. दहा-पंधरा वर्षं हात न लावता येणारे पैसे असतील तर काही भाग तिथे जरूर घाल, मीही घालते. फक्त कॅल्क्युलेटरचा आकडा हे पासबुक समजू नकोस. कॅल्क्युलेटरमध्ये १२ च्या जागी ८ घालूनही बघ, आणि तो आकडा चालणार असेल तरच पुढे जा.

पीपीएफचा ७.१ हा आकडाही दगडावरची रेघ नाही. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं. १९८६ ते २००० च्या जानेवारीपर्यंत पीपीएफवर १२ टक्के मिळत होते. त्या काळात खातं उघडलेल्या माझ्या जुन्या खातेदारांनी दर उतरताना पाहिला आहे. आणि महागाई आहेच. वर्षाला पाच टक्क्यांनी भाव वाढले तर पंधरा वर्षांनंतरचे १५ लाख ७८ हजार आजच्या सुमारे ७ लाख ६० हजारांएवढे असतील. म्हणून पगार वाढेल तसा हप्ताही वाढला पाहिजे. पाच हजारांवर पंधरा वर्षं थांबून राहिलास तर व्याज तुझं काम करेल, पण महागाई त्यातलं बरंच परत नेईल. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखांपर्यंतच भरता येतं, हेही लक्षात ठेव.

उशिराचं काय, असं तुझ्या ऑफिसातला कोणी विचारेल तर त्याला ही जोडी सांग. तू आत्ता सुरू केलंस, वीस वर्षं भरलंस: २५ लाख ८२ हजार. त्याने पाच वर्षांनी सुरू केलं, पंधरा वर्षं भरलं: १५ लाख ७८ हजार. त्याने वाचवले तीन लाख, कमी मिळाले दहा लाख. अंतर पडलं ते शेवटच्या पाच वर्षांतलं, कारण सुरुवात उशिरा केली तरी गळतात ती शेवटची, सर्वांत मोठी वर्षं.

आता तुझ्या हातातल्या पैशांबद्दल. पीपीएफ पंधरा वर्षांचं असतं आणि सुरुवातीची काही वर्षं त्यातून काढता येत नाही, म्हणून आधी तीन महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा एफडीत बाजूला आहे का ते बघ. नसेल तर हे ६२,१४३ तिथेच ठेव, आणि पीपीएफ नव्या हप्त्यांनी सुरू कर. तेवढी सोय आधीच असेल तर एप्रिलच्या ५ तारखेच्या आत हे सगळे एकरकमी पीपीएफमध्ये भर, आणि त्याच महिन्यापासून दरमहा पाच हजार चालू कर. दोन्ही मिळून वर्षाची मर्यादा ओलांडत नाहीत. ७.१ चा दर टिकला तर ही एकरकमी रक्कम पंधरा वर्षांनी १ लाख ७३ हजार ८०० च्या वर होईल. त्यात तुझ्या खिशातले ६०,००० असतील. आणि ज्या २,१४३ वर तू नाराज आहेस, तेवढ्यांचेच त्यात सहा हजारांना चार रुपये कमी झालेले असतील.